मध्यरात्रीच्या नोंदी

"मॅडम, हिला डोकं शांत राहील अशी काहीतरी गोळी द्या," असे सांगत ते गृहस्थ खुर्चीत बसले आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या सत्तेचाळीस वर्षांच्या पत्नीने मान खाली घातली. सोबत सासूबाईही होत्या. गेल्या आठ महिन्यांपासून ही बाई क्षुल्लक कारणावरून भडकते, मग तासभर रडते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ओशाळते, अशी घरच्यांची तक्रार होती. तिची स्वतःची तक्रार मात्र एवढीच होती, की झोप येत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी असे प्रसंग अनेकदा पाहते, आणि "झोप येत नाही" या तीन शब्दांवर कधीही थांबत नाही. झोप लागतच नाही, की लागून मोडते? ती म्हणाली, दहा वाजता डोळा लागतो, पण दोन-अडीचला छातीपासून मानेपर्यंत आग उसळल्यासारखे होऊन जाग येते, गाऊन घामाने भिजतो, छातीत धडधडते, आणि पाचएक मिनिटांनी तीच थंडीने कुडकुडते. त्यानंतर पुन्हा डोळा लागेपर्यंत चार वाजतात, आणि साडेचारला गजर होतो, कारण पतीची पहिली पाळी असते आणि डबा तयार हवा असतो. मासिक पाळी कधी पंचवीस दिवसांनी, तर कधी अडीच महिन्यांनी येत होती.

मी कागदावर रेघ ओढून पतीला समजावले. शरीराच्या तापमानावर लक्ष ठेवणारे केंद्र मेंदूत असते, आणि पाळी जाण्याच्या या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन खाली-वर होऊ लागले की ते केंद्र फाजील सावध होते. अंगातली उष्णता किंचित वाढली, तरी ती फार वाढली असे समजून ते त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलवते आणि घाम सोडते. पंखा, पातळ चादर किंवा उघडी खिडकी यांचा उपयोग इथे होतो. राग आवरण्याच्या उपदेशाचा होत नाही. ती मेडिकलमधून आणून घेत असलेली झोपेची गोळी मी बंद करायला सांगितली, कारण त्या गोळीने घाम थांबत नव्हता, सकाळी डोके मात्र जड होत होते आणि पुढे सवय लागण्याची भीती होती.

याच वेळी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मग क्षणभर गप्प राहून त्यांनीच सांगितले, "मी त्या दोन वर्षांत रात्री उठून स्वयंपाकघरातल्या फरशीवर जाऊन निजत असे. कोणाला बोलले नाही." सून त्यांच्याकडे पाहतच राहिली.

थायरॉईडच्या बिघाडातही धडधड, घाम आणि चिडचीड होते, आणि अधूनमधून पाळीत जास्त रक्तस्राव झाल्याने रक्त कमी होऊनही थकवा येतो. म्हणून या दोन्हींसाठी रक्ततपासणी केली. ती ठीक आली. सतत दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, मरणाचे विचार येणे, हेही मी तिला एकटीला बसवून विचारले, कारण असे असेल तर ते केवळ झोपेवर ढकलता येत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. तसे नव्हते.

पतीला मी एक काम दिले: चौदा दिवस वहीत दोनच रकाने भरायचे, रात्री किती वाजता जाग आली आणि दुसऱ्या दिवशी घरात वाद झाला का. सल्ला न देता केवळ नोंद ठेवायची.

दोन आठवड्यांनी त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. नऊ रात्री जाग आली होती. सहा वेळा वाद झाला होता आणि त्यांपैकी पाच वाद जागरणाच्या दुसऱ्या दिवशीचे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं, आमचं काही चुकलं म्हणून ही चिडते. ही तर झोपलेलीच नसते." उरलेला एक वाद खरोखरच त्यांच्या चुकीचा होता, हेही त्यांनी कबूल केले, आणि मला ते फार मोलाचे वाटले, कारण तिचा प्रत्येक राग हार्मोनच्या खाती टाकणे हाही अन्यायच आहे.

त्यानंतर घराची घडी बदलली. दुहेरी गोधडी जाऊन दोघांच्या वेगळ्या सुती चादरी आल्या. दुपारी चारनंतरचा चहा तिने सोडला. कणीक रात्रीच भिजवून ठेवायची आणि सकाळी पोळ्या मुलाने करायच्या असे ठरले, त्यामुळे तिची उठण्याची वेळ रोज सहा अशी ठरवता आली. वीसेक मिनिटांत पुन्हा झोप न लागल्यास अंथरुणात तळमळत न राहता मंद उजेडात बसायचे, ही सवय तिला आधी विचित्र वाटली. भडका उडालाच, तर त्या वेळी कोणी प्रतिवाद करायचा नाही. विषय महत्त्वाचा असेल तर संध्याकाळी काढायचा.

सहा आठवड्यांनी वाद कमी झाले होते, पण आठवड्यातून तीन-चार रात्री घाम येतच होता. रक्तदाब आणि स्तनांची तपासणी ठीक होती, स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा आजार कधी झालेला नव्हता. म्हणून तिच्याशी सविस्तर बोलून त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेनचे जेल आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची गोळी सुरू केली. पुढच्या भेटीचा दिवस लिहून देत असताना सासूबाईंनी विचारले, "हे जेल तेव्हा असतं, तर मलाही चाललं असतं का हो?"