सूज पायांवर, दुखणे फुप्फुसात : माझा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. मी इंदूरच्या रामबागेत राहणारा, एकाहत्तर वर्षांचा निवृत्त हिशेबनीस आहे. तीस वर्षे सिगारेट ओढून ती बारा वर्षांपूर्वी सोडली, पण तोपर्यंत सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुना आजार, जडला होता. त्याच्यासाठी दोन इनहेलर चालूच होते, जिना चढताना दम लागणे अंगवळणी पडले होते, आणि म्हणूनच पायांच्या सुजेचा छातीशी काही संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी प्रथम रक्तदाबाच्या गोळीवर संशय घेतला, आणि तो अवाजवी नव्हता, कारण अॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते. गोळी बदलली, मीठ कमी केले, पोह्यांवरची शेवही बंद झाली (इंदुरात याला मी पथ्य नव्हे, शिक्षाच म्हणेन). तरीही तीन आठवड्यांत वजन चार किलोने वाढले आणि नडगीवर बोट दाबले की खड्डा तसाच राहू लागला. हृदयाची शंका आम्हालाही आली होती, पण वर्षापूर्वीच्या एको तपासणीत ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतले किती रक्त बाहेर टाकते तो आकडा, चांगला ६० टक्के असल्याचे पाहून आम्ही ती बाजूला सारली होती. ईएफ हा आकडा हृदयाच्या डाव्या बाजूचा असतो आणि उजव्या बाजूविषयी तो काहीच सांगत नाही, हे मला पुढे छातीरोगतज्ज्ञांकडून कळले.

त्यांनी मला अर्धवट टेकवून बसवले, मानेची शीर पाहिली, मग बरगड्यांखाली उजवीकडे यकृतावर तळहात दाबून धरला. शीर वर चढली आणि दाब काढेपर्यंत उतरली नाही. ऑक्सिमीटर बसल्या जागी ८६ दाखवत होता. "काका, पाणी पायात दिसतंय, पण ते तुंबलंय उजव्या हृदयाच्या मागे, आणि हृदयाला अडवलंय फुप्फुसाने," असे सांगून त्यांनी 'कॉर पल्मोनेल' हे नाव पहिल्यांदा उच्चारले.

त्यामागचे कारण त्यांनी माझ्या व्यवसायाच्या भाषेत समजावले. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र ज्या भागात हवा कमी पोहोचते तेथील बारीक धमन्या आकसतात, कारण ज्या दुकानात माल नाही तेथे गिऱ्हाईक पाठवण्यात अर्थ नसतो. न्यूमोनियाने एखादाच कोपरा बिघडला असेल तर ही व्यवस्था उत्तम काम करते, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळते. परंतु माझ्यासारख्याच्या फुप्फुसात जवळजवळ सगळीच दुकाने अर्धी रिकामी असल्यामुळे सर्वत्र धमन्या आकसतात, वर्षानुवर्षे आकसून त्यांच्या भिंती जाड होतात, आजाराने काही केशवाहिन्या नष्टही झालेल्या असतात, आणि या सगळ्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलण्याचे काम उजव्या जवनिकेवर, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यावर, पडते. ही जवनिका पातळ भिंतीची असते. तिला सुमारे २५ मिलिमीटर दाबाची सवय असते, तर डावी १२० सहज पेलते. ती आधी जाड होते, मग ताणून फुगते, आणि शेवटी मागचे रक्त मानेच्या शिरांत, यकृतात आणि पायांत साचू लागते.

नवी एको तपासणी सोपी गेली नाही. सीओपीडीत फुप्फुसे हवेने फुगून हृदयापुढे येतात, त्यामुळे नेहमीच्या जागेवरून चित्र धूसर येत होते. अखेर छातीच्या हाडाखालून, पोटाच्या बाजूने पाहिल्यावर उजवी बाजू नीट दिसली. ती फुगलेली होती आणि फुप्फुसाच्या धमनीतील वरचा दाब अंदाजे ५२ आला. तो अंदाजच असतो. अचूक मोजमापासाठी शिरेतून नळी घालावी लागते, पण माझ्या उपचारात त्याने फरक पडला नसता. दाब अचानक वाढण्याचे दुसरे कारण, म्हणजे फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, सीटी काढून आधी वगळण्यात आले. मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या रक्तात प्राणवायूचा दाब ५४ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४८ होता. हिमॅटोक्रिट ५६ टक्के होते, म्हणजे प्राणवायूच्या तुटीमुळे शरीराने तांबड्या पेशी वाढवून रक्त घट्ट केले होते.

लघवी वाढवणारी गोळी अगदी कमी मात्रेत सुरू झाली. आठवड्यात सूज उतरू लागली, तेव्हा मुलाने मात्रा वाढवण्याविषयी विचारले. डॉक्टरांनी नकार दिला, कारण ताणलेल्या उजव्या जवनिकेला पुरेसे रक्त आत आले तरच ती पुढे ढकलू शकते, आणि फार पाणी काढले तर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे बिघडतात. फुप्फुसाच्या धमन्या रुंदावणाऱ्या गोळ्यांविषयी माझ्या भाच्याने कुठेतरी वाचले होते. त्यावरचे उत्तर असे की त्या गोळ्या आजारी, बिनहवेच्या भागातल्या धमन्याही उघडतात आणि त्याने प्राणवायू आणखी घसरू शकतो, म्हणून सीओपीडीमुळे वाढलेल्या दाबासाठी त्या सरसकट देत नाहीत.

खरा उपचार प्राणवायूचाच होता. तीन आठवड्यांनी, प्रकृती स्थिर असताना, रक्त पुन्हा तपासले आणि प्राणवायूच्या दाबाचा आकडा ५५ च्या वर गेला नाही, तेव्हा घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र, आला. येथे मी पहिली चूक केली. दम लागला की नळी लावायची आणि बरे वाटले की काढायची, असा माझा क्रम होता. वहीत मांडले तेव्हा दिवसाचे जेमतेम चार तास भरले. डॉक्टरांनी सांगितले की प्राणवायू दम कमी करण्यासाठी दिलेला नाही, आकसलेल्या धमन्या सैलावाव्यात म्हणून दिला आहे आणि त्याला तास लागतात. १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन अभ्यासांत दिसले होते की दिवसाला किमान पंधरा तास प्राणवायू घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक जगले, आणि जवळजवळ दिवसभर घेणारे फक्त रात्री घेणाऱ्यांपेक्षा. तेव्हापासून रात्री नऊ ते सहा, सकाळी वर्तमानपत्राबरोबर तीन तास आणि दुपारी तीन तास, असे माझे पंधरा भरतात.

दुसरी चूक अधिक धोक्याची होती. एका थंड रात्री घुसमट वाटली म्हणून मी मिनिटाला एक लिटरवर असलेला काटा चारवर नेला. ऑक्सिमीटर ९६ दाखवू लागला आणि मी खूश होऊन झोपलो. सकाळी डोके ठणकत होते, जीभ जड झाली होती, आणि "अहो, उठा ना!" अशी हाक सौभाग्यवतीने तीनदा मारल्यावर मी डोळे उघडले. रुग्णालयात कार्बन डायऑक्साइड ६८ निघाला आणि त्या दिवशी मला मास्कने श्वास देणाऱ्या यंत्रावर ठेवावे लागले. जास्त प्राणवायूने बिघडलेल्या भागातील धमन्याही उघडल्या, रक्त पुन्हा रिकाम्या दुकानांत जाऊ लागले आणि कार्बन डायऑक्साइड टाकल्यावाचूनच परतू लागले. शिवाय प्राणवायूने भरलेले रक्त हा वायू कमी धरून ठेवते. ज्या आकसण्याने माझे हृदय थकवले, तेच काही प्रमाणात मला वाचवतही होते, हे मला त्या दिवशी उमगले. आता माझे लक्ष्य ८८ ते ९२ आहे आणि काट्यावर चिकटपट्टी आहे.

घरात काही बदल करावे लागले. देवापुढचे निरांजन आणि उदबत्ती मी नळी काढल्याशिवाय लावत नाही आणि स्वयंपाकघरात नळी घेऊन जात नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर दोन तास यंत्र ओढतो, त्यापुढे भरलेला सिलिंडर आहे.

सहा महिन्यांनंतर हिमॅटोक्रिट ५० वर आले आणि सूज नाही. धमनीचा दाब ५२ चा ४७ झाला आहे, त्याहून फार उतरेल अशी अपेक्षा कुणी दाखवलेली नाही. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी मी वजन करतो, आणि तीन दिवसांत दीड किलो वाढले तर गोळीला हात न लावता आधी डॉक्टरांना फोन करतो. मार्चमध्ये असा फोन एकदा करावा लागला. ते सर्दीने छाती भरल्याचे पहिले लक्षण निघाले.