रोज कट आहे, म्हणजे अंगठी जुनीच का?

तुम्ही विचारलंत: "आमच्या आजेसासूबाईंच्या अंगठीतले हिरे रोज कटचे आहेत जी. म्हणजे ती भोसल्यांच्या काळातली धरायची का?"

नुसत्या रोज कटवर तारीख लावू नका. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात दागिन्यांचं मूल्यांकन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो, आणि बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. रोज कट हिऱ्याची खालची बाजू सपाट असते आणि वर तिकोनी पैलूंचा छोटा घुमट. युरोपात हा कट सोळाव्या शतकापासून चालत आला. पण तो बंद कधी पडलाच नाही. आजही सुरतेत रोज कट हिरे घडवले जातात. त्यामुळे असा हिरा चारशे वर्षांपूर्वीचा असू शकतो, तसाच गेल्या दिवाळीतलाही.

ओल्ड माइन कट त्या मानाने बोलका. अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत याचा जोर होता. तेव्हा हिऱ्याला आकार द्यायचा तर एक हिरा दुसऱ्यावर हाताने घासायचे. कच्चा खडा बहुधा आठ पृष्ठांच्या स्फटिकाचा, वरून पाहिला तर चौकोनी दिसणारा, आणि वजन वाया घालवायला कोणीच तयार नसे. म्हणून घडवलेला हिरा कोपरे गोलावलेल्या चौकोनासारखा राही, तोही जरा वाकडातिकडा. माथा उंच, टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू लहान, आणि खालचं टोक छाटून तिथे एक बारीक पैलू केलेला. याला क्युलेट म्हणतात. दहापटीचं भिंग लावून टेबलातून सरळ खाली पाहिलं, की हिऱ्याच्या मधोमध भोक पाडल्यासारखी टिकली दिसते, ती हीच.

१८७० च्या दशकात हिरा फिरवून घासायचं यंत्र आलं आणि नेटका गोल आकार सोपा झाला. माथा उंचच, क्युलेटही तसंच, फक्त बाहेरची रेषा गोल, असा जो कट रूढ झाला तो ओल्ड युरोपियन. १८८० च्या आसपासपासून १९३० पर्यंत त्याचा काळ. पुढे १९१९ मध्ये टोल्कोव्स्की नावाच्या अभियंत्याने प्रकाशाच्या हिशेबाने मापं मांडली आणि आजचा ब्रिलियंट कट त्या वाटेने आला.

आता तुमची अंगठी. कडेचे बारीक हिरे खरंच रोज कट आहेत. बाजूने पाहिलं की खाली निमुळता भाग नाही. मधला हिरा मात्र वेगळा आहे. भिंगाखाली क्युलेटची टिकली स्पष्ट दिसते, माथा उंच आहे, पण बाहेरची रेषा एकसारखी गोल. म्हणजे तो ओल्ड युरोपियन. हाताने घासूनही गोल हिरा होत असे, पण क्वचितच. म्हणून एवढ्यावर न थांबता मी कोंदण तपासलं. समोरून पांढरा धातू, मागून पिवळं सोनं. मशीनवर पांढरा धातू प्लॅटिनम निघाला. प्लॅटिनम वितळायला सुमारे १७७० अंश सेल्सियस लागतात, सोनाराच्या साध्या फुंकणीच्या ते आवाक्यातलं नाही. दागिन्यांत प्लॅटिनम सर्रास आलं ते १९०० च्या सुमारास, आणि वर प्लॅटिनम, मागे सोनं ही जोडणी साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. भोसल्यांचं नागपूरचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्येच खालसा केलं होतं. तेव्हा ही अंगठी भोसल्यांच्या काळातली नाही.

खरं तर तारीख सांगण्यात कोंदणाचा हात मोठा. हिरा एका दागिन्यातून काढून दुसऱ्यात बसवतात. आपल्याकडे तर मोडून घडवणं घरोघर. अंगठीवर हॉलमार्कचा एचयूआयडी हा सहा अक्षरी ओळख-क्रमांक असेल, तर खडा कितीही जुना असो, घडण २०२१ किंवा त्यानंतरची, नाहीतर तेव्हापासून कधीतरी शिक्का मारून घेतलेली. आणि उलटही होतं: जुन्या घडणीची हौस वाढल्यामुळे ओल्ड माइन कटचे हिरे आता नव्याने कापतात, प्रयोगशाळेत वाढवलेलेसुद्धा. त्यांचा गर्डल, म्हणजे हिऱ्याची कड, बहुतेकदा पैलूदार आणि चकचकीत असते. जुन्या हिऱ्याची कड साखरेसारखी खरबरीत, कुठे जाड, कुठे पातळ.

एक विनंती. कडेच्या रोज कटांचं कोंदण मागून बंद आहे आणि आत चमक वाढवायला पातळ पत्रा घातलेला असावा. सपाट बुडातून प्रकाश निसटतो, तो हा पत्रा परत फेकतो. आत पाणी शिरलं की पत्रा काळवंडतो आणि हिरे एकदम मेल्यासारखे दिसतात. तेव्हा साबणाच्या पाण्यात बुडवू नका, दुकानातल्या अल्ट्रासॉनिक मशीनला तर मुळीच देऊ नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस्स. आणि अंगठीचं माप मोठं करायचं असेल तर करणाऱ्याला आधी पत्र्याचं सांगा, आचेनेही तो जातो.