दुसऱ्या दिवशीचा तास

"ताई, वर्षाचं नियोजन करायला बसलेय. आकारिक चाचण्या किती घ्यायच्या आणि संकलित किती? आणि खरं सांगा, दोन्हीच्या प्रश्नपत्रिका तर सारख्याच दिसतात. मग फरक नेमका कशात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फरक प्रश्नपत्रिकेत नाहीच. तेच पाच प्रश्न आकारिकही होऊ शकतात आणि संकलितही. वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर चुकलं, तर उद्याचा तुमचा तास बदलणार आहे का? बदलणार असेल, तर ती आकारिक. नसेल, तर तुम्ही तिला काहीही नाव द्या, ती संकलितच आहे. फक्त आकाराने लहान.

हे दोन शब्द इंग्रजीत मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली आणले, आणि तेही मुलांसाठी नाही, तर अभ्यासक्रमांच्या परीक्षणासाठी: अभ्यासक्रम घडत असतानाच तपासून सुधारायचा की तयार झाल्यावर त्याचा निकाल लावायचा. पुढे बेंजामिन ब्लूम यांनी तीच कल्पना वर्गात आणली. मूळ अर्थ लक्षात ठेवलेला बरा, कारण त्यात 'अजून बदलता येतंय' ही अट आहे.

मी स्वतः ही अट कित्येक वर्षं मोडत होते. प्रत्येक धडा संपला की दहा गुणांची चाचणी, गुण नोंदवहीत, आणि सोमवारी पुढचा धडा. टाचणात मी तिला 'आकारिक' म्हणायचे. मुलांना मात्र ती काय आहे ते बरोबर कळलं होतं. ती शेजारच्याच्या वहीत डोकवायची आणि येत नसलेला प्रश्न कोरा सोडायची. कोऱ्या जागेतून मूल काय विचार करतंय हे कळत नाही, त्यामुळे चाचणी घेऊनही माझ्या हाती फक्त आकडा यायचा.

डोळे उघडले ते दशांश अपूर्णांकांच्या धड्याने. लहानमोठेपणा ओळखण्याचे पाच प्रश्न मी दिले होते: ०.४ आणि ०.३५, ०.८ आणि ०.६२५, अशा जोड्या. एका मुलीला पाचपैकी पाच. फळ्यावर सहज म्हणून मी ०.३ आणि ०.४७ लिहिलं, तर ती म्हणाली, ०.३ मोठा. का? "शतांश दशांशापेक्षा लहान असतो ना. म्हणून ज्याच्यापुढे कमी अंक, तो मोठा." तिचं पहिलं वाक्य अगदी खरं होतं. आणि माझ्या पाचही जोड्यांत कमी अंकांची संख्याच मोठी होती! चुकीच्या नियमाने तिने पूर्ण गुण मिळवले होते आणि तो नियम मीच, न कळत, पक्का करून दिला होता.

दशांशात मुलांची गाडी मुख्यतः दोन ठिकाणी अडकते. एक, टिंबानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचणं: ३५ हे ४ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठा. दुसरं, त्या मुलीचं: कमी अंक म्हणजे मोठी संख्या. या दोन चुकांतला फरक कळायचा, तर प्रश्न जोडीने विचारावा लागतो. मी आता एका चिठ्ठीवर चार जोड्या देते: ०.४ आणि ०.३५, ०.३ आणि ०.४७, २.०७ आणि २.७, ०.६ आणि ०.६०. मोठ्या संख्येभोवती गोल करायचा, समान असतील तर बरोबरचं चिन्ह. पहिली चुकली आणि दुसरी बरोबर आली, तर मूल पूर्ण संख्येसारखं वाचतंय. पहिली बरोबर आणि दुसरी चुकली, तर ते अंक मोजतंय. तिसरीत मधलं शून्य दिसतंय का ते कळतं. चौथी मात्र शेवटच्या शून्यासाठी, त्या शून्याने किंमत बदलते असं मुलाला वाटतंय का हे पाहायला. एकटी पहिली जोडी विचारली, तर अंक मोजणारी सगळी मुलं हुशार दिसतात.

मागच्या खेपेला ही चिठ्ठी मी धड्याच्या चौथ्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत घेतली. धडा दहा तासांचा होता. चाचणी धड्याच्या शेवटी ठेवली की निकालाचं काही करायला तासच उरत नाही. चिठ्ठीवर नाव होतं, गुणांची चौकट नव्हती. तपासताना लाल पेन घेतलंच नाही. नुसते गठ्ठे केले. बेचाळीस चिठ्ठ्यांना पंधरा मिनिटं लागली. (वह्या घरी नेल्या असत्या, तर मुलामागे तीन मिनिटं धरली तरी दोन तास गेले असते.) एकोणीस जणांचं सगळं बरोबर, चौदा जण पूर्ण संख्येसारखं वाचणारे, सहा जण अंक मोजणारे, आणि तीन चिठ्ठ्यांत काही धागाच सापडेना.

पाचवा तास या गठ्ठ्यांवर चालला. चौदा जणांना शंभर चौकोनांची चौकट दिली. ०.४ म्हणजे दहापैकी चार उभे रकाने रंगवा, ०.३५ म्हणजे पस्तीस चौकोन. चार रकान्यांत चाळीस चौकोन असतात हे त्यांनी मोजून पाहिलं आणि वाद मिटला. सहा जणांनाही तीच चौकट, पण प्रश्न वेगळा: ०.४७ मध्ये आधी किती पूर्ण रकाने भरतात? चार भरतात, वर सात चौकोन, आणि ०.३ चे तर तीनच रकाने. या मुलांना शतांश लहान असतो हे माहीत होतं. शतांश किती आहेत हे पाहायचं राहिलं होतं. एकोणीस जणांना ०.३ आणि ०.४ यांच्या मधल्या संख्या शोधायला लावल्या. धागा न सापडलेल्या तिघांना जवळ बोलावून 'कसं ठरवलंस?' एवढंच विचारलं. त्यातल्या एकाला गोल मोठ्या संख्येला करायचा की लहान, हेच कळलं नव्हतं.

इथे एक मोह टाळा. 'शेवटी शून्य लावून अंक सारखे करा, मग तुलना करा' ही युक्ती दोन मिनिटांत शिकवता येते आणि चारही जोड्या बरोबर येतात. पण तेव्हा मूल ४० आणि ३५ याच पूर्ण संख्यांची तुलना करत असतं, म्हणजे जुनी चूक झाकली जाते. त्याच मुलाला ०.३ आणि ०.४ यांच्या मधली संख्या विचारा. "मध्ये काहीच नाही" असं उत्तर आलं, की युक्तीखाली काय दडलंय ते दिसतं. युक्ती मीही शिकवते, पण चौकटीनंतर.

चिठ्ठीवर गुण का नाहीत, हे पालक नेहमी विचारतात. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार उपयोगी वाटला. मुलांचे तीन गट: एकाला कामाबद्दल फक्त शेरा, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. शेरा मिळालेल्या गटाचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं काय झालं, तर शेऱ्याचा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. मुलं गुण पाहतात आणि शेरा तसाच राहतो, हे आपण वर्गात रोज बघतोच. आणि शेरा म्हणजे 'छान' किंवा 'सराव हवा' नव्हे. 'चार रकाने रंगव, मग पस्तीस चौकोन, आणि पुन्हा ठरव' हा शेरा, कारण तो वाचून मूल पेन्सिल उचलू शकतं.

संकलितचं काम वेगळं आहे आणि तिला कमी लेखू नका. सत्राअखेर कोणाला किती आलं हे तिला सगळ्यांच्या बाबतीत सारख्या मापाने सांगायचं असतं. म्हणून तिला आधी संविधान तक्ता लागतो: कोणत्या घटकाला किती गुण, त्यातले किती नुसतं आठवण्याचे आणि किती वापरून दाखवण्याचे. तिची मर्यादा त्या तक्त्यातच दिसते. सहा-सात घटक एका पत्रिकेत बसवले, की दशांशांच्या वाट्याला एखाददुसरा प्रश्न येतो. तेवढ्यावरून कोण कुठे अडकलंय हे सांगता येत नाही, आणि ते तिच्याकडून मागूही नये.

तशीच आकारिकच्या गुणांची सरासरी संकलितमध्ये मिसळू नये. जुलैत दहापैकी चार आणि फेब्रुवारीत दहापैकी नऊ मिळवणाऱ्या मुलाला सरासरी साडेसहा देते. त्याला आज जे येतं ते नऊचं आहे. जिथे नियमानेच आकारिकचे गुण धरावे लागतात, तिथे मी त्या घटकाचा सगळ्यात अलीकडचा पुरावा धरते आणि चिठ्ठ्या त्यातून पूर्ण बाहेर ठेवते.

आता तुमचं 'किती'. संकलितच्या तारखा शाळा ठरवते; त्या आधी दिनदर्शिकेत टाका. मग सत्रातल्या घटकांतून पुढचं बरंच काही ज्यांच्यावर उभं आहे असे पाच-सहा निवडा. प्रत्येक घटकाला चिठ्ठी नकोच. त्या घटकांसाठी आधी चाचणीचा नव्हे, तर चाचणीनंतरचा तास लिहा, आणि तो टाचणात रिकामा ठेवा. चिठ्ठी त्याच्या आदल्या दिवशी आपोआप बसते. जितके असे तास ठेवता येतील तितक्याच आकारिक. मला सत्रात सहा जमतात, एका वर्षी चारच जमल्या. आणि त्या प्रत्येकीमागे दोन-तीन दिवसांनी पुन्हा एक छोटी चिठ्ठी, नव्या जोड्यांची, नाहीतर रिकाम्या तासाचा उपयोग झाला की नाही हे कसं कळणार?

आमच्या त्या दुसऱ्या चिठ्ठीत पाच जण अजून अडकलेले निघाले. तिघं पुढे सेंटिमीटर-मिलिमीटरच्या मोजमापात पट्टी हातात घेतल्यावर सुटले. उरलेल्या दोघांसाठी मला तास काढता आला नाही. सत्र परीक्षेत दशांशांचा दोन गुणांचा प्रश्न त्या दोघांनीही बरोबर सोडवला, शेवटी शून्य लावून.