मला मेलीला काय करायचंय

नीलू सकाळी सहज बोलून गेली, "तुझ्यावर कोणी लिहायला बसलं ना, तर एका शब्दात आटपेल. 'बघू.'" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आक्कांचं व्यक्तिचित्र अर्धवट पडलंय आणि मी स्वतःचंच बोलणं ऐकत बसलेय. इतकी वर्षं बोलले, घसा बसेपर्यंत बोलले, आणि उरलं काय, तर बघू.

आक्कांचं "मला मेलीला काय करायचंय!" सगळ्या आळीला पाठ आहे. पण ते नुसतं दर पानावर पेरलं की नक्कल होते, आक्का होत नाहीत. पुलंचे हरितात्या आठवले. "पुराव्याने शाबित करीन" ही भाषा कोर्टातली, आणि गोष्टी शिवाजीमहाराजांच्या, त्याही स्वतः तिथे हजर असल्यासारख्या सांगायच्या. पुरावा म्हणाल तर नुसती भक्ती. वाक्य आणि माणूस यांच्यातल्या त्या फटीतच हरितात्या उभे राहतात. तेच वाक्य एखाद्या खऱ्या वकिलाच्या तोंडी घाला, लक्षातही राहणार नाही.

मग आक्कांची फट कुठे? "मला मेलीला काय करायचंय" म्हटल्यावर त्या गप्प बसत नाहीत, तिथे. शेजारची सून कुठली पिशवी घेऊन माहेरी गेली, इथपर्यंत सगळं त्यानंतरच येतं. लेखात पहिल्यांदा हे वाक्य तिथेच ठेवलंय, हसू येऊ दे. दुसऱ्यांदा भाजीवालीच्या मुलाच्या फीचा विषय निघतो तेव्हा. तोंडाने तेच म्हणतात आणि संध्याकाळी पैसे पोचते करतात. तिसऱ्यांदा वाटणीच्या दिवशी. थोरल्यांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" वाक्य तेच, पण पुढे काही नाही. तिथे "खिन्नपणे" वगैरे लिहायची गरजच पडली नाही. वाचणाऱ्याला पुढचं ऐकायची सवय लागलेली असते, ती तिथे अडखळते. मधल्या पानांवर वाक्य उधळलं असतं तर हे साधलं नसतं.

काकांचं नाव त्या आजही घेत नाहीत. "आमच्याकडे कारलं चालत नाही." अजूनही चालत नाही. त्यावर मी एक ओळही जास्त लिहिणार नाही.

आणि माझं बघू? दुपारभर वाईट वाटून घेतलं. मग वाटलं, शब्द मोजणाऱ्याने निदान ऐकणारा कोण तेही पाहावं. सोसायटीच्या सेक्रेटरींना बघू म्हटलं की तो नकार असतो, त्यांना ते अजून कळलेलं नाही. नणंदेला म्हणते तेव्हा... जाऊ दे. नीलूला म्हटलं की होकार. तिला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर दिवाळीला येशील का, असं विचारून माझं बघू ऐकलं की ती पुन्हा विचारत नाही, सरळ माझं तिकीट काढून टाकते. खिडकीजवळचं.