तापातून उठल्यावर पहिलं धावणं

आज सकाळी ग्राउंडवर एक मुलगा चार दिवसांच्या तापातून उठून थेट इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत वेगाच्या फेऱ्या, मारत होता. तिसऱ्या फेरीलाच कठड्याला धरून उभा राहिला, चेहरा पांढराफटक.

तापानंतर आधी कापायचा तो वेग. इंटरव्हल, टेम्पो, चढ बंद. त्यानंतर कापायचा लाँग रन. धावायला लागण्याआधी ताप गोळीशिवाय पूर्ण २४ तास उतरलेला हवा. मग अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजा. एरवी ५८ असते आणि आज ६८ आली, तर फक्त चालायचं. पॅरासिटामॉल घेऊन धावू नका, गोळी ताप झाकते.

आठवड्याला ४० किमी धावणाऱ्याने पहिल्या दिवशी २० मिनिटं चालावं, दुसऱ्या दिवशी तेवढंच चालत-धावत. पहिला आठवडा २० किमी, सगळं गप्पा मारता येतील अशा वेगाने. दुसरा ३०, तिसरा ४०, आणि वेग त्यानंतरच. घड्याळातला पेस बघूच नका. तापानंतर त्याच पेसला ठोके बरेच जास्त पडतात. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, तर एक पायरी मागे.

छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढा. फ्लूनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.