बस आली, पण कन्नडात ‘ती’ नाही

आम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. घरात मराठी, मुलगी मराठी शाळेत तिसरीला, आणि कन्नड विषयात तिचं गाडं अडलेलं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मोबाईलवर कन्नड शिकवणारं एक ॲप घेतलं. सुरुवातीलाच त्यानं विचारलं: मराठीतून समजावून सांगू की सगळं कन्नडातच ठेवू? मी ‘फक्त कन्नड’ निवडलं. तान्ही मुलं कुठं भाषांतर करून बोलायला शिकतात, असा माझा हिशोब.

पहिला आठवडा बरा गेला. चित्र, आवाज, बोट लावायचं. मग ‘बिसि’ हा शब्द आला. चित्रात चहाचा पेला, दुधाचं पातेलं, पाण्याचा तांब्या, आणि प्रत्येकावर वाफ. ॲपच्या हिशोबानं तिची उत्तरं बरोबर होती. दोन दिवसांनी अंघोळीचं पाणी काढलं तर ही बादलीत डोकावून म्हणाली, “आई, ह्यात बिसि कुठं हाय?” ‘बिसि’ म्हणजे गरम. तिनं धरलेलं ‘वाफ’. चित्रात वस्तू दाखवता येते, गरमपणा नाही. ‘बिसि म्हणजे गरम’ एवढं मराठीत सांगितलं असतं तर दोन सेकंदांत काम झालं असतं.

खरी अडचण मात्र पुढं निघाली. ‘आला, आली’ शिकवणारा धडा होता. अण्णा आला: अण्ण बंद. अक्का आली: अक्क बंदळु. हे पटकन जमलं. मग बसचं चित्र आलं आणि तिनं लावलं ‘बस बंदळु’. लाल फुली. पुन्हा तेच, पुन्हा फुली. चार वेळा झालं तेव्हा तिनं मोबाईल पालथा घातला. खाली बरोबर उत्तर होतं, ‘बस बंतु’, पण का ते कुठंच नव्हतं. तिचं चुकत होतं ते मराठीमुळं: आपल्याकडं बस ‘ती’, म्हणून ‘आली’. कन्नडात ‘तो’ आणि ‘ती’ माणसांना आणि देवांना. वस्तू, जनावरं, झाडं सगळी ‘ते’. मराठीतल्या सवयीनं झालेली चूक मराठीतूनच दाखवावी लागते, नुसती कन्नड वाक्यं वाढवून पोर ती सोडत नाही.

मी सेटिंग बदललं आणि हे तिला मराठीत सांगितलं. “मग आमची गंगी?” तिनं विचारलं. गंगी म्हणजे आमची म्हैस. नियमानं गंगी ‘बंतु’, हे तिला काही पटेना. शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या काकींना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, “लाडानं बंदळु म्हटलं तर चालतंय की!” पुढची दहा वाक्यं तिनं न चुकता सोडवली.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. मराठी कायमची चालू ठेवली. आठवड्याभरात मार्क दहापैकी दहा, पण काकींनी “ऊट आयिता?” म्हणून जेवणाचं विचारलं तर ही गप्प. ती मराठी ओळ वाचून उत्तर देत होती, आवाज ऐकतच नव्हती.

आणि ‘बेळे’. कन्नडात ‘ए’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, आपल्याला एकच ऐकू येतो. ऱ्हस्व ‘बेळे’ म्हणजे पीक, दीर्घ ‘बेळे’ म्हणजे डाळ. ॲप कन्नड शब्दाखाली देवनागरी उच्चार दाखवायचं, आणि दोन्हीकडं ‘बेळे’च. इथं मराठी मदत करत नव्हती, उलट कान बंद करत होती. नशिबानं अर्थ आणि उच्चार यांची बटणं वेगळी होती. उच्चाराचं कायमचं बंद केलं. कन्नड अक्षरांत दीर्घाची खूण वेगळी दिसते, ती बघून तिचं वाचन सुधारलं.

आता आमची पद्धत अशी. नवा नियम आला की मराठीत एकदाच, दोन वाक्यांत. मग मराठी ओळ बंद करून दहा वाक्यं कानानं. अडली तर बोट दाबून मराठी उघडायची, पण आधी एकदा ऐकून चुकायचं. ॲप हे आपोआप करत नाही, बटणं मलाच फिरवावी लागतात, आणि कामाच्या दिवशी ते राहून जातं.

बस आता ‘बंतु’च येते. डाळ-पिकाचा खेळ काकी घेतात: त्या शब्द म्हणतात, हिनं डाळ असेल तर हात वर करायचा, पीक असेल तर पाय आपटायचा. काल दहापैकी सहा जमले.