चार चौकटींत न बसलेली जखम

पंचवटीतील एका आजींना पक्षाघातानंतर शय्याव्रण झाले आणि हवेच्या गादीच्या खर्चासाठी विम्याच्या कार्यालयात छायाचित्रांसह अर्ज भरण्याचे काम, त्यांच्या घरी ड्रेसिंगला जाणारी परिचारिका म्हणून, माझ्याकडे आले. अर्जात जखम किती खोल हे सांगणाऱ्या स्टेज १ ते ४ अशा चारच चौकटी होत्या.

उजव्या खुब्यावरच्या लालीचा निर्णय लवकर झाला. नुसत्या छायाचित्रावरून ती ठरत नाही, म्हणून पारदर्शक पट्टीने ती जागा तीन सेकंद दाबून, दाबलेल्या अवस्थेतच दुसरे छायाचित्र घेतले. दाबूनही लाली फिकट झाली नाही आणि त्वचा अखंड होती, म्हणजे स्टेज १. मात्र सावळ्या त्वचेवर हा बदल नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या त्वचेशी तुलना करून ऊब व घट्टपणा हाताने पाहावा लागतो.

अडले ते माकडहाडावरच्या जखमेपाशी. सुमारे ५ बाय ४ सेंटीमीटरच्या त्या जखमेचा तळ पिवळ्या, चिकट मृत पेशींच्या थराने झाकलेला होता आणि एका कडेला काळी खपली होती. असा थर स्टेज २ मध्ये नसतो, त्यामुळे जखम ३ किंवा ४ एवढे नक्की. पण खाली चरबी आहे, म्हणजे ३, की स्नायू वा हाड, म्हणजे ४, हे तळ दिसल्याशिवाय सांगता येत नाही. अशा जखमेला ‘अनस्टेजेबल’ म्हणतात आणि मी तेच लिहिले. अर्ज परत आला. पुन्हा तेच लिहिले, तेव्हा फोनवर उत्तर मिळाले, “ताई, चारांपैकी एकीवर खूण करा, नाहीतर अर्ज पुढे सरकत नाही.” ३ वर खूण करून मोकळे व्हावे असे मलाही वाटले, हे मान्य करते, पण खाली हाड निघाले असते तर तो कागद खोटा ठरला असता.

अकरा दिवसांनी शल्यचिकित्सकांनी मृत थर काढला. आत चकचकीत, दाणेदार चरबी दिसली. स्नायू किंवा हाड दिसले नाही, निर्जंतुक कापसाच्या काडीलाही हाड लागले नाही. स्टेज ३. चरबी आणि मृत थर छायाचित्रात सारखेच पिवळे दिसतात, म्हणून जखम धुतल्यावर, फ्लॅश न वापरता, मोजपट्टी शेजारी ठेवून टिपावी. हे मी पहिल्या दिवशी केले नव्हते. टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली मात्र केवळ स्टेज ठरवण्यासाठी काढू नये.

गादी मंजूर झाली. जखम भरत आल्यावर त्याच कार्यालयाने “आता स्टेज २ लिहा” असे कळवले. गमावलेले थर जसेच्या तसे परत येत नाहीत, म्हणून मी ‘स्टेज ३, भरत आहे’ असेच लिहिले आणि अर्ज पुन्हा परत आला.